युद्धनौकेचा डेक पातळ का असतो: एका फॉरवर्डला उत्तर

«जगातलं सगळ्यात महागडं मूर्ख डिझाइन! दुसऱ्या महायुद्धातल्या बॅटलशिपच्या बाजूंना १२ ते १५ इंच पोलाद, आणि वरच्या डेकला फक्त ३ ते ६ इंच!! १) इंजिनिअर लोकांनी पोलाद वाचवलं, तीच प्लेट वरही लावता आली असती. २) म्हणूनच इंग्रजांची 'हूड' डेक फुटून एका गोळ्यात बुडाली. ३) तसंही तोफगोळा कायम जिंकत आलाय, चिलखत म्हणजे समुद्रात बुडवलेला पैसा. ४) लोखंड आलं आणि जहाजातलं लाकूड त्याच दिवशी हद्दपार झालं. जास्तीत जास्त शेअर करा.»

हा मजकूर मला निदान चार ग्रुपवर आला आणि दर वेळी मी तो सोडून दिला. मग माझ्या भाचीने तो मटेरियल्सच्या सेमिनारसाठी पहिल्या स्लाइडवर घेतला. ती मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला फोन करून म्हणाली, "मामा, इतकं सरळ कारण आहे, मग पुस्तकात का देत नाहीत?" पुस्तकात देत नाहीत कारण ते खोटं आहे. ज्या मुलीला उद्या प्लेटची जाडी ठरवायची आहे, तिच्या डोक्यात हे बसू नये म्हणून लिहितोय. मुद्दे मी माझ्या क्रमाने घेणार आहे.

चौथा मुद्दा दोन मिनिटांत संपतो. इंग्रजांची पहिली लोखंडी चिलखती युद्धनौका 'वॉरियर' १८६० मध्ये पाण्यात उतरली. तिच्या बाजूंना साडेचार इंच घडीव लोखंड होतं आणि त्यामागे १८ इंच सागवान. लोखंडाच्या चौपट लाकूड! गोळा आदळला की तो धक्का सागवान पसरवून घ्यायचं, त्यामुळे प्लेट धरून ठेवणारे बोल्ट तुटायचे नाहीत आणि उडालेले तुकडे लाकडात रुतून बसायचे. ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंड गंजतं, सागवानातल्या तेलामुळे गंजत नाही, म्हणून सागवानच. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी जहाजं इंग्रज आरमाराने याच गुणासाठी नावाजली होती. चिलखतामागचं लाकूड पुढे अनेक दशकं टिकलं. हा मुद्दा इथे सोडतो.

आता पहिला मुद्दा. माझ्या मते सगळ्यात घातक हाच, कारण तो ऐकताना पटतो. 'पोलाद वाचवलं' म्हणणाऱ्याने एकदा कागद-पेन्सिल घ्यायला हवी होती.

बॅटलशिपचं चिलखत जहाजभर नसतं. इंजिनं, बॉयलर आणि दारूकोठारं जिथे आहेत, तो मधला भाग एका पोलादी पेटीत बंद केलेला असतो. पेटीच्या दोन लांब बाजू म्हणजे पाण्याच्या रेषेवरचा चिलखती पट्टा, आणि झाकण म्हणजे चिलखती डेक. हिशोबासाठी ही पेटी १४० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद धरा, पट्टा ४ मीटर उंच धरा. खरी पेटी टोकांकडे निमुळती होते, पण अंदाजाला हे आकडे पुरेत. एक चौरस मीटर पोलादी पत्रा एक इंच जाड असेल तर त्याचं वजन साधारण २०० किलो भरतं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचं क्षेत्रफळ मिळून ११२० चौरस मीटर, म्हणजे पट्टा एक इंचाने जाड केला की २२४ टन वाढतात. डेकचं क्षेत्रफळ ४२०० चौरस मीटर, म्हणजे डेक एक इंचाने जाड केला की ८४० टन वाढतात.

आता जाडी घाला. १५ इंची पट्ट्याला लागतात ३३६० टन. ६ इंची डेकला लागतात ५०४० टन. ज्या डेकवर पोलाद 'वाचवलं' असं म्हणताय, त्या डेकला पट्ट्याच्या दीडपट पोलाद आधीच लागलंय. तीच १५ इंची प्लेट वर लावली तर १२,६०० टन होतात, म्हणजे साडेसात हजार टन जास्त. १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने एका बॅटलशिपला एकूण ३५,००० टनांची मर्यादा घातली होती. त्यात जहाजाचा सांगाडा, तोफा, इंजिनं आणि सगळं चिलखत बसवायचं होतं. हे साडेसात हजार टन कुठून आणणार? करार बाजूला ठेवला तरी डेक असतो पाण्याच्या रेषेच्या वर. तिथे एवढा बोजा ठेवला की गुरुत्वमध्य वर जातो आणि जहाज एका बाजूला कललं की सावरायला नाखूश होतं. पाणी आत शिरलेल्या जहाजाला तर ते उलटवूनच टाकेल.

पण वजन ही फक्त अडचण झाली. पातळ डेक चालतो कसा, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी गोळा कुठल्या कोनात येतो ते पाहावं लागतं.

जवळून झाडलेला गोळा जवळपास आडवा येतो. पट्ट्यावर तो समोरून, काटकोनाच्या जवळपास आदळतो. डेकवर आदळलाच तर घासून जातो, जसे आपण तळ्यावर चपट्या दगडाने भाकऱ्या काढतो तसा. पल्ला वाढला की तोफ वर उचलावी लागते, गोळा उंच जाऊन कमान करून खाली येतो आणि उतरतीचा कोन वाढतो. त्याच वेळी हवेच्या विरोधामुळे त्याचा वेग घटत जातो. म्हणजे अंतराबरोबर पट्ट्याला असलेला धोका कमी होतो आणि डेकला असलेला वाढतो. एकच गोळा, एकच जहाज, पण दोन्ही प्लेटांना तो वेगवेगळा भेटतो.

साधी भूमिती करा. गोळा क्षितिजाशी १५ अंशांनी उतरतोय आणि डेक ३ इंच जाड आहे. गोळ्याच्या वाटेत येणारं पोलाद ३ इंच नाही, ३ भागिले साइन १५, म्हणजे साडेअकरा इंचांच्या वर. आणि हे गोळा सरळ वाटेने घुसला असं धरून. प्रत्यक्षात इतक्या तिरक्या माऱ्यात त्याचं नाक पृष्ठभागावरून वर वळतं आणि बऱ्याचदा तो उडूनच जातो.

भूमिती नको असेल तर मोजणी घ्या. अमेरिकन नौदलाने 'आयोवा' वर्गाच्या १६ इंची तोफेसाठी काढलेला तक्ता आहे. त्या तोफेचा चिलखतभेदी गोळा २७०० पौंडांचा, म्हणजे साधारण १२२५ किलोचा. किती अंतरावर तो किती जाड उभं चिलखत आणि किती जाड डेक फोडेल, ते त्यात दिलंय. १०,००० यार्डांवर, म्हणजे ९ किलोमीटरवर, तो २६ इंच उभं चिलखत फोडतो, पण डेक जेमतेम पावणेदोन इंच. २०,००० यार्डांवर उभं २० इंच, डेक सुमारे ४ इंच. ३०,००० यार्डांवर उभं १५ इंच, डेक साडेसहाच्या थोडा वर. दोन्ही आकडे सारखे व्हायला ४०,००० यार्ड लागतात, म्हणजे साडेछत्तीस किलोमीटर. तिथे ते दोन्ही ११ इंचांच्या आसपास येतात. हे आकडे चाचण्यांवर बेतलेल्या सूत्रातले आहेत आणि अमेरिकन प्लेट धरून काढलेत. दुसऱ्या देशाच्या पोलादाला ते थोडे सरकतील, पण कल बदलणार नाही.

या तक्त्यातला मधला भाग नीट वाचा, कारण सगळं डिझाइन तिथे आहे. २५,००० आणि ३०,००० यार्डांच्या बरोबर मध्ये, सुमारे २५ किलोमीटरवर, हा गोळा १६ इंच उभं चिलखत फोडतो आणि जवळपास ६ इंच डेक. म्हणजे त्या अंतरावर १६ इंची पट्टा आणि ६ इंची डेक सारखेच मजबूत आहेत. डेक १६ इंची केला असता तर ती दहा इंचांची भर, माझ्या हिशोबात ८४०० टन, अशा गोळ्यासाठी वाहिली गेली असती जो त्या अंतरावर तितक्या सरळ खाली कधी येतच नाही. 'हूड' बुडाली त्या दिवशी तिच्याबरोबर असलेल्या इंग्रज बॅटलशिप 'प्रिन्स ऑफ वेल्स'च्या दारूकोठारांपाशी पट्टा १५ इंच होता आणि डेक ६ इंच. हे आकडे कुणी झोपेत लिहिलेले नव्हते.

डिझाइन करणारे याच पद्धतीने विचार करायचे. शत्रूची तोफ ठरवायची. किती अंतराच्या पलीकडे आपला पट्टा तिचा गोळा अडवतो ते काढायचं, ती झाली आतली मर्यादा. किती अंतरापर्यंत आपला डेक अडवतो ते काढायचं, ती बाहेरची मर्यादा. या दोन्हींच्या मधलं अंतर म्हणजे सुरक्षित क्षेत्र. कप्तानाने लढाई त्या क्षेत्रात ठेवायची. पट्टा जाड केला की क्षेत्र आतल्या बाजूने वाढतं, डेक जाड केला की बाहेरच्या बाजूने. वजन एकाच खात्यातून खर्च होतं, म्हणून दोन्हीकडे हवं तेवढं देता येत नाही. दूरवरून नेम लागण्याची शक्यताही फार कमी असते. समुद्रावर चालत्या जहाजावर झाडलेल्या मोठ्या तोफांचा सगळ्यात लांबचा नोंदलेला नेम १९४० मधला आहे, साधारण २४ किलोमीटरचा. त्याच्या पलीकडच्या माऱ्यासाठी हजारो टन डेकवर घालणं हा शहाणपणा नव्हता.

'तीच प्लेट' या शब्दांत आणखी एक चूक दडलीय, आणि मटेरियल्सच्या विद्यार्थिनीने ती सर्वात आधी पकडायला हवी होती. पट्ट्याची प्लेट आणि डेकची प्लेट एकाच जातीचं पोलाद नसतं. पट्ट्याची प्लेट समोरून टणक आणि मागून चिवट केलेली असते. डेकची प्लेट आरपार एकसारखी चिवट असते. पट्ट्यावर गोळा नाकाने आदळतो, तिथे काम असतं ते नाक मोडायचं, म्हणून पृष्ठभाग काचेसारखा कडक हवा. डेकवर गोळा तिरका येतो, तिथे काम असतं त्याला वळवून लावायचं, आणि त्यासाठी प्लेट थोडी वाकली पण फाटली नाही पाहिजे. तिरक्या घावाखाली टणक पृष्ठभागाला तडे जातात, तुकडे निखळतात. पट्ट्याची महागडी प्लेट डेकवर आडवी टाकली असती तर तेवढ्याच जाडीच्या साध्या चिवट प्लेटपेक्षा ती कमीच उपयोगी पडली असती.

ही समोरून टणक प्लेट आली कुठून, हे सांगितलं की तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर निम्मं होतं.

सुरुवातीच्या वर्षांत चिलखताने उत्तर दिलं ते मुख्यतः जाडीने. साडेचार इंचांवरून जाडी वाढत गेली ती १८७६ मध्ये पाण्यात उतरलेल्या 'इन्फ्लेक्सिबल'वर २४ इंचांपर्यंत, १२-१२ इंचांच्या दोन थरांत. त्यापलीकडे जाणं शक्य नव्हतं. तेवढं लोखंड जहाजाचा मधला तुकडाच झाकू शकलं. दरम्यान गोळ्याचं टोक साच्यात झटक्यात थंड करून टणक केलं जाऊ लागलं, मग गोळे घडीव पोलादाचे झाले. या टप्प्यावर कुणी 'गोळा जिंकला' म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती.

मग १८९० च्या सुमाराला अमेरिकेत हार्वे यांची पद्धत आली आणि दोन-चार वर्षांत जर्मनीत क्रुप कारखान्याची. क्रुपची पद्धत जरा जवळून पाहू. निकेल आणि क्रोमियम घातलेल्या पोलादाची प्लेट भट्टीत लालभडक ठेवायची आणि तिच्या एकाच बाजूवरून कार्बनयुक्त वायू दिवसेंदिवस फिरवत राहायचा. त्या बाजूच्या वरच्या साधारण इंचभर थरात कार्बन मुरतो. आपल्याकडे गिअरच्या दातांना केस हार्डनिंग करतात, तत्त्व तेच, फक्त वस्तू काही टनांची. नंतर प्लेटची मागची बाजू ओल्या वाळूने किंवा मातीने झाकून पुढची बाजू तेवढी जोरात तापवायची, आणि ती बाजू पाण्याच्या फवाऱ्यांखाली धरायची. परिणाम असा की पृष्ठभाग कमालीचा टणक, तो टणकपणा आत जाताना हळूहळू उतरत प्लेटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास संपतो, आणि मागचा भाग चिवट राहतो. पुढचा थर गोळ्याचं नाक फोडतो, मागचा थर पुढच्याला फुटू देत नाही.

फरक किती पडला? १५ इंच घडीव लोखंड जे अडवायचं, ते अडवायला साध्या पोलादाचे १२ इंच लागायचे, हार्वेचे साडेसात, क्रुपचे पावणेसहा. वीस वर्षांत तेवढाच बचाव निम्म्याहून कमी वजनात मिळू लागला. म्हणूनच चिलखत अधिक मोठ्या भागावर पसरवता आलं, आणि म्हणूनच पुढे डेकसाठी वजन शिल्लक राहिलं. गोळा 'कायम' जिंकत होता म्हणणाऱ्याला ही वीस वर्षं माहीतच नाहीत.

गोळ्याने परत उत्तर दिलं ते एका टोपीने. गोळ्याच्या टोकदार नाकावर पोलादाची एक बोथट टोपी बसवायची. रशियाचे अ‍ॅडमिरल मकारोव यांनी १८९० च्या दशकात ती पुढे आणली. आघाताचा पहिला फटका टोपी खाते, प्लेटचा टणक थर तडकवते आणि नाकाला चहूबाजूंनी आवळून धरते, त्यामुळे नाक न तुटता आत जातं. मात्र सुरुवातीच्या टोप्या समोरच्या माऱ्यातच कामाच्या होत्या. गोळा तिरका लागला की टोपी घसरून निघायची. १९१६ मध्ये जर्मन आरमाराशी झालेल्या जटलंडच्या लढाईत इंग्रजांना हे भोवलं. त्यांच्या गोळ्यांत भरलेलं लिडाइट हे स्फोटक इतकं संवेदनशील होतं की जर्मन चिलखतावर तिरके आदळलेले गोळे आरपार जाण्याआधीच फुटत किंवा तुटत होते. नवे गोळे त्यांना मिळाले १९१८ मध्ये. म्हणजे प्लेट आधीचीच राहिली, कोन बदलला, आणि गोळा हरला.

त्या लढाईत इंग्रजांच्या तीन बॅटलक्रूझर, म्हणजे वेगासाठी चिलखत कमी ठेवलेल्या मोठ्या युद्धनौका, स्फोट होऊन बुडाल्या, आणि तिथूनच 'पातळ डेक' ही दंतकथा सुरू झाली. डेक पातळ होते हे खरं. पण मुख्य दोष होता दारू हाताळण्याचा. वेग वाढावा म्हणून दारूच्या पिशव्या तोफांच्या फिरत्या बुरुजात, म्हणजे टरेटमध्ये, आणि वाटेवर रचून ठेवल्या जात, झडपा उघड्या ठेवल्या जात. टरेटमध्ये लागलेली आग खाली कोठारापर्यंत विनाअडथळा पोचली. तरी इंग्रज नौदलाने दोष डेकवर ढकलणं सोयीचं मानलं, आणि त्या वेळी बांधायला घेतलेल्या एका मोठ्या जहाजाच्या आराखड्यात हजारो टन चिलखत वाढवलं. ते जहाज म्हणजे 'हूड'.

आता दुसरा मुद्दा. २४ मे १९४१, पहाट, ग्रीनलंड आणि आइसलँडच्या मधली डेन्मार्क सामुद्रधुनी. 'हूड' आणि 'प्रिन्स ऑफ वेल्स' एका बाजूला, जर्मनांच्या 'बिस्मार्क' आणि 'प्रिंत्स ऑयगेन' दुसऱ्या बाजूला. पहिले गोळे सुटले तेव्हा अंतर सुमारे २४ किलोमीटर होतं. 'हूड'च्या दारूकोठारांवरचा मुख्य डेक ३ इंची आहे आणि उंचावरून पडणारे गोळे तिला झेपणार नाहीत, हे व्हाइस अ‍ॅडमिरल हॉलंड यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते जास्तीत जास्त वेगाने अंतर तोडत होते. आठ मिनिटांत ते १६-१७ किलोमीटरवर आले. त्यांनी सगळ्या तोफा लागू व्हाव्यात म्हणून जहाज डावीकडे वळवायला घेतलं, आणि त्याच वेळी मागच्या भागात स्फोट झाला. सुमारे तीन मिनिटांत जहाज गेलं. १४१८ माणसांपैकी तीन वाचली.

त्या अंतरावर 'बिस्मार्क'चा ८०० किलोचा गोळा उतरतो तो दहा ते पंधरा अंशांनी. वरची भूमिती इथे लावा. ३ इंची डेक त्या गोळ्याला १२ इंच किंवा त्याहून जाड भासतो आणि तोही घसरणीवर. जे संकट टाळायला हॉलंड धावत होते, त्यातून ते बऱ्यापैकी बाहेर आले होते. १९८७ मध्ये विल्यम ज्युरेन्स यांनी या बुडण्याचा प्रक्षेपशास्त्राच्या अंगाने सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि मी या मुद्द्यावर सगळा भार त्याच अभ्यासावर टाकतोय. डेक सरळ वरून फोडून गोळा कोठारात गेला, हे त्यांच्या हिशोबात बसत नाही.

मग आत गेला कुठून? 'हूड'च्या बाजूचं चिलखत पायऱ्यांसारखं होतं. पाण्याच्या रेषेवर १२ इंच, त्यावर ७ इंच, त्याच्याही वर ५ इंच. १२ इंची पट्टा काही फूटच उंच. गोळा ७ इंची पट्टीतून शिरला तर मुख्य पट्ट्याला वळसा घालून तो थेट डेकच्या कडेपाशी पोचतो, वरून नव्हे, बाजूने. दुसरी वाट पाण्याखालची. जहाजाच्या थोडा अलीकडे पाण्यात पडलेला गोळा पाण्यातून पुढे जाऊन पट्ट्याच्या खालच्या कडेखाली लागू शकतो. हे नुसतं कागदावरचं नाही. त्याच सकाळी 'प्रिन्स ऑफ वेल्स'ला असाच एक गोळा पाण्याच्या रेषेच्या बराच खाली लागला, कितीतरी आत गेला आणि न फुटता पडून राहिला. 'हूड'ला लागलेला फुटला असेल. चौकशी मंडळानेही १९४१ मध्ये एवढंच नोंदवलं की 'बिस्मार्क'चा गोळा मागच्या कोठारांत किंवा त्यांच्या लगत पोचला आणि बहुधा ४ इंची तोफांची दारू आधी पेटली. 'डेक फुटला' हे वाक्य फॉरवर्डवाल्यांनी स्वतः जोडलंय.

अर्धसत्य आहे ते मान्य करतो. 'हूड'चा डेक कमकुवत होता. नौदलाला ते दोन दशकं माहीत होतं आणि १९४१ मध्ये तिचं मोठं नूतनीकरण ठरलेलं होतं. युद्ध सुरू झालं आणि ते राहून गेलं. पण कारण पैसे वाचवणं नव्हतं. १९१६ च्या आराखड्यावर आधीच चढवलेल्या चिलखताने जहाज इतकं खाली दबलं होतं की वादळात मागचा डेक पाण्याखाली जायचा. आणखी पोलाद ठेवायला जागाच नव्हती.

तीन दिवसांनी, २७ मे रोजी, तिसऱ्या मुद्द्याची परीक्षा झाली. रडर निकामी झालेल्या 'बिस्मार्क'ला इंग्रजांच्या दोन बॅटलशिप आणि क्रूझर यांनी गाठलं आणि सुमारे २८०० गोळे झाडले. शेवटी अंतर चार किलोमीटरच्याही आत आलं होतं. चारशेच्या आसपास गोळे लागले असं मानतात. २००२ मध्ये पाणबुड्या यंत्रांनी तिचा सांगाडा तपासला तेव्हा ३२० मिलिमीटर जाडीचा मुख्य पट्टा आरपार फुटलेल्या फक्त दोन जागा सापडल्या. इतक्या जवळून गोळा आडवा येतो, बराचसा मारा पट्ट्याच्या वर लागतो, आणि खवळलेल्या समुद्राच्या लाटांनी पट्टा झाकलेला असतो. चिलखताने आपलं काम केलं, इंजिनं शेवटपर्यंत चालू होती.

तरीही पहिल्या पाऊण तासात ते जहाज लढण्याच्या लायकीचं उरलं नव्हतं. नेम धरायची यंत्रं, टरेट, कप्तानाचा ब्रिज, संपर्काच्या तारा हे सगळं पेटीच्या बाहेर असतं आणि ते पहिल्या काही मिनिटांतच गेलं. बावीसशेहून अधिक माणसांतली जेमतेम सव्वाशेच्या आत वाचली. चिलखत जहाजाला तरंगतं ठेवतं, लढतं ठेवेलच असं नाही. ही मर्यादा खरी आहे, पण 'समुद्रात बुडवलेला पैसा' ही ती नव्हे.

आणि डेकचं गणित शेवटी कुणी मोडलं, तेही सांगतो, कारण फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेखच नाही. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरमध्ये अमेरिकेची बॅटलशिप 'अ‍ॅरिझोना' ज्या बॉम्बने उडाली, तो जपान्यांनी आपल्या बॅटलशिपच्या चिलखतभेदी गोळ्यालाच तासून, शेपटीचे पंख लावून बनवला होता. वजन सुमारे ८०० किलो. गोळा जुनाच, फक्त तो तोफेतून न येता विमानातून सुमारे ३००० मीटरवरून सोडला होता. तोफेचा गोळा ज्या कोनात कधीच येऊ शकत नव्हता त्या कोनात तो आला, जवळजवळ उभा. तिरक्या गोळ्यासाठी पाच इंचांच्या आसपास ठेवलेला डेक त्याला तेवढाच, पाच इंचांचा भेटला. बॉम्ब पुढच्या दारूकोठारांपाशी फुटला आणि ११७७ माणसं गेली. डेकला तेव्हा नव्या शत्रूसाठी नवी जाडी लागणार होती, आणि एक इंच वाढवायचा म्हणजे पुन्हा तेच ८४० टन.